राणीचे वय आणि दहा दिवसांचा हिशेब

मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली ती कॅथरिन ऑफ ब्रॅगान्झाच्या लग्नात, हे आपण शाळेतच वाचलेले असते. या पोर्तुगीज राजकन्येचा जन्म २५ नोव्हेंबर १६३८ रोजी व्हिला विसोझा इथल्या वाड्यात झाला. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याशी तिचे लग्न २१ मे १६६२ रोजी पोर्ट्समथ बंदरात लागले. दोन्ही तारखा खऱ्या आहेत. त्या चरित्रांत, कोशांत आणि वंशावळींत शेजारी शेजारी छापलेल्या असतात. आता लग्नाच्या वेळी तिचे वय किती होते, असे कोणी विचारले तर आपण काय करू? वजाबाकी करू. २५ नोव्हेंबर १६६१ला तेवीस वर्षे पुरी झाली. तिथून २५ एप्रिलपर्यंत पाच महिने, आणि पुढे २१ मेपर्यंत सव्वीस दिवस. उत्तर आले तेवीस वर्षे, पाच महिने, सव्वीस दिवस.

हे उत्तर चुकीचे आहे. त्या दिवशी कॅथरिन तेवीस वर्षे, सहा महिने आणि सहा दिवसांची होती. वजाबाकीत काही चुकलेले नाही. चूक आधीच झालेली आहे: एक तारीख एका मापातली आणि दुसरी दुसऱ्या मापातली घेऊन आपण आवळ्या-भोपळ्याची मोट बांधली.

पोर्तुगालने १५८२ सालीच पोप तेरावा ग्रेगरी याची नवी कालगणना स्वीकारली होती. जुन्या ज्युलियन गणनेत दर चौथे वर्ष न चुकता लीप वर्ष असे. त्यामुळे तिचे वर्ष खऱ्या सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा मिनिटांनी मोठे पडत होते. ही अकरा मिनिटे शतकानुशतके साचत गेली आणि वसंतसंपात दहा दिवस मागे सरकला. म्हणून रोम, स्पेन आणि पोर्तुगालमध्ये ४ ऑक्टोबर १५८२ च्या गुरुवारनंतर उजाडला तो १५ ऑक्टोबरचा शुक्रवार. तारखा दहाने पुढे गेल्या, पण वारांची साखळी तुटू दिली नाही. हा तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे, पुढे तो आपल्या कामी येणार आहे. इंग्लंड मात्र प्रॉटेस्टंट. पोपचे पंचांग त्याने घेतले नाही आणि १७५२पर्यंत तो देश जुन्याच गणनेवर चालला. म्हणून पोर्ट्समथमध्ये ज्या दिवशी २१ मे होता, त्याच दिवशी लिस्बनमध्ये ३१ मे होता. कॅथरिनचा जन्म नव्या गणनेने नोंदलेला आहे आणि तिचे लग्न जुन्या.

आता योग्य हिशेब करून पाहू. पहिला मार्ग म्हणजे लग्नाची तारीख नव्या गणनेत आणायची. २५ नोव्हेंबर १६३८ ते ३१ मे १६६२. २५ मेला तेवीस वर्षे सहा महिने भरतात, वर सहा दिवस. दुसरा मार्ग म्हणजे जन्माची तारीख जुन्या गणनेत न्यायची. १५ नोव्हेंबर १६३८ ते २१ मे १६६२. १५ मेला तेवीस वर्षे सहा महिने, वर सहा दिवस. दोन्ही वाटांनी एकच उत्तर आले. हा ताळा नेहमी करून पाहावा. दोन उत्तरे जुळली नाहीत तर कुठेतरी दहा दिवस दोनदा मिळवले गेले आहेत किंवा उलट्या बाजूने वजा झाले आहेत.

हा दोनदा मिळवण्याचा धोका खरा आहे, कारण कॅथरिनच्या जन्माची दुसरी तारीखही इंग्रजी साधनांत सापडते. सॅम्युअल पेपिस याच्या रोजनिशीत १५ नोव्हेंबर १६६६ या दिवशी व्हाइटहॉलच्या राजवाड्यातल्या नृत्यसमारंभाचे वर्णन आहे, आणि तो समारंभ राणीच्या वाढदिवसाचा होता. म्हणजे इंग्लंडच्या दरबाराने तिचा वाढदिवस आपल्या पंचांगात बसवून घेतला होता. २५ नोव्हेंबर आणि १५ नोव्हेंबर या दोन तारखा पाहून एखादा अभ्यासक म्हणेल की जन्मतारखेबद्दल मतभेद आहेत. मतभेद कसलाच नाही. तो एकच दिवस आहे, दोन पंचांगांतून पाहिलेला. उलट पेपिसच्या नोंदीमुळे आपल्याला फार मोलाची खात्री मिळते. २५ नोव्हेंबर ही तारीख नव्याच गणनेतली आहे, असे त्या काळच्या माणसांनीच आपल्याला सांगून ठेवले आहे. पण पेपिसची १५ नोव्हेंबर ही तारीख उचलून तिच्यासमोर लिस्बनची ३१ मे ठेवली, तर वय तेवीस वर्षे, सहा महिने, सोळा दिवस होईल. तेही चूकच, फक्त या वेळी दहा दिवस जास्त.

कोणी म्हणेल, दहा दिवसांनी काय बिघडते? लग्नात ती तेवीस वर्षांची होती, दोन्ही हिशेबांनी तेवीसच येतात, मग एवढा खल कशाला? हा आक्षेप मला झटकून टाकायचा नाही, कारण बहुतेक वेळा तो बरोबरच असतो. दहा दिवसांच्या गफलतीने पुऱ्या वर्षांचा आकडा तेव्हाच बदलतो, जेव्हा लग्न आणि वाढदिवस एकमेकांपासून दहा दिवसांच्या आत येतात. वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवसांत असे दहा दिवस म्हणजे छत्तीसात एकदा. पण महिन्यांचा आकडा द्यायचा असेल, तर महिन्याच्या तीस दिवसांत तेच दहा दिवस म्हणजे तिनात एकदा. कॅथरिन या तिसऱ्या हिश्शात सापडली, म्हणून तिचा एक महिना हरवला. आणि छत्तीसातले ते एक लग्न आपल्यासमोर कधी येईल हे आधी ठाऊक नसते. त्याच पोर्ट्समथच्या लग्नात ते आलेले आहे. फक्त ते नवरीच्या बाजूने नाही, नवऱ्याच्या बाजूने आहे.

दुसऱ्या चार्ल्सचा जन्म लंडनमध्ये २९ मे १६३० रोजी झाला. ही इंग्लंडची, म्हणजे जुन्या गणनेची तारीख. २१ मे १६६२ रोजी लग्न लागले तेव्हा त्याची बत्तीस वर्षे भरायला आठ दिवस कमी होते. तो एकतीस वर्षांचा होता. आता अशी कल्पना करा की एका काळजीपूर्वक लिहिणाऱ्या चरित्रकाराने कॅथरिनच्या वयासाठी लग्नाची तारीख नव्या गणनेत नेली आणि ३१ मे १६६२ असे टिपून ठेवले. राणीचे वय त्याने अचूक काढले. मग त्याच टिपणावरून राजाचे वय काढायला घेतले. २९ मे १६३० ते ३१ मे १६६२. उत्तर बत्तीस वर्षे दोन दिवस. राजा एका झटक्यात एक वर्षाने मोठा झाला! नवरीसाठी जी दुरुस्ती बरोबर होती, तीच नवऱ्यासाठी चूक ठरली. अडाणी माणसाची सरळ वजाबाकी चार्ल्सच्या बाबतीत बरोबर आली असती, आणि अर्धे ज्ञान असलेल्या माणसाची चुकली.

माझे म्हणणे याच जागी आहे. तारीख दुरुस्त करणे म्हणजे वय दुरुस्त करणे नव्हे. वय हे एका तारखेचे नसते, ते दोन दिवसांमधले अंतर असते. म्हणून दुरुस्ती करायची ती जोडीची, एकेकटीची नाही. दोन्ही तारखा जुन्या ठेवल्या तरी चालते, दोन्ही नव्या केल्या तरी चालते. एकच बदलली की बिघडले.

मराठी वाचकाला हे दूरदेशीचे वाटू नये, कारण हाच सापळा आपल्या दारात आहे. शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ या तिथीचा मानला जातो आणि तिची तारीख आपण १९ फेब्रुवारी १६३० अशी देतो. ही ज्युलियन तारीख आहे. नव्या गणनेत तो दिवस १ मार्च १६३० येतो. जेधे शकावलीने तिथीबरोबर शुक्रवार दिला आहे, आणि ज्युलियन १९ फेब्रुवारीला शुक्रवारच होता. नव्या गणनेतल्या १९ फेब्रुवारीला मंगळवार पडतो. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीखही ज्युलियनच. दोन्ही एकाच मापातल्या असल्यामुळे राज्याभिषेकाच्या वेळी महाराजांचे वय चव्वेचाळीस वर्षे, तीन महिने, अठरा दिवस हे सरळ वजाबाकीने बरोबर येते. पण कोणी राज्याभिषेक तेवढा १६ जूनवर नेला आणि जन्म १९ फेब्रुवारीवर तसाच ठेवला, तर दहा दिवस उगीच वाढतात. त्या काळाचा इतिहास लिहिताना तर दर पानाला सावध राहावे लागते. सुरतेच्या वखारीतली इंग्रजी पत्रे जुन्या गणनेची, गोव्यातली पोर्तुगीज पत्रे नव्या गणनेची. एकाच दिवशी लिहिलेल्या दोन पत्रांवर दहा दिवसांचे अंतर दिसते, आणि ते खरे धरले तर कारण आणि परिणाम यांचा क्रमच उलटा होऊ शकतो.

एखादी तारीख कोणत्या गणनेतली आहे हे ओळखायचे कसे? पहिला प्रश्न साल कोणते हा नसून लिहिणारा कुठे बसला होता आणि कोणत्या राज्याची, कोणत्या चर्चची शिस्त पाळत होता, हा आहे. पॅरिसहून निघालेले पत्र लंडनला, निघाल्याच्या तारखेआधीच्या तारखेला पोहोचू शकत असे. अनुभवी वकील आणि व्यापारी म्हणूनच पत्रावर दोन्ही तारखा तिरकी रेघ मारून लिहीत, २१/३१ मे अशा. अशी जोडतारीख सापडली की प्रश्नच मिटतो. ती नसेल तर वार शोधावा. पोर्ट्समथचा २१ मे आणि लिस्बनचा ३१ मे, दोन्हीकडे बुधवारच होता, कारण १५८२मध्ये वारांची साखळी अखंड ठेवली गेली होती. जुन्या गणनेतल्या ३१ मेला शनिवार येतो, आणि नव्या गणनेतल्या २१ मेला रविवार. म्हणून कागदात 'बुधवार' एवढा एक शब्द असला तरी तो तारखेचे घराणे सांगून जातो. दहाला सातने भागले की तीन उरतात, म्हणून चुकीच्या गणनेत वार नेहमी तीन घरे सरकलेला दिसतो. अभ्यासकाला ही एवढी खूण पुरते.

दहा दिवसांपेक्षा मोठा खड्डा आणखी एक आहे, आणि कॅथरिन त्यातून निव्वळ महिन्याच्या कृपेने वाचली. इंग्लंडमध्ये त्या काळी कायद्याने वर्ष सुरू होई ते २५ मार्चला. तिचे लग्न मे महिन्यात लागले म्हणून १६६२ या आकड्यावर वाद नाही. तेच लग्न फेब्रुवारीत लागले असते तर इंग्रजी दप्तरात १६६१ लिहिले गेले असते, आणि तो आकडा जसाच्या तसा घेणाऱ्याने राणीचे एक अख्खे वर्ष कमी केले असते. चार्ल्सच्या बापाचा शिरच्छेद आपण ३० जानेवारी १६४९ असा वाचतो, पण त्या वेळच्या इंग्रजी कागदांत ते साल १६४८ आहे. मुंबईचेच उदाहरण घ्या. चार्ल्सने मुंबई वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली, त्या सनदेची तारीख २७ मार्च १६६८. अवघे तीन दिवस आधी शिक्का बसला असता तर सनदेवर १६६७ साल असते. दहा दिवसांची चूक महिना खाते. वर्षारंभाची चूक वर्ष खाते, आणि ती अधिक फसवी आहे, कारण दिवस आणि महिना बरोबर दिसत असल्यामुळे कोणाला शंकाच येत नाही.

आजच्या इंग्रजी इतिहासग्रंथांत एक तडजोड रूढ आहे. इंग्लंडमधल्या घटनांचे दिवस जुन्या गणनेने द्यायचे, साल मात्र १ जानेवारीपासून धरायचे, आणि युरोपातल्या घटना नव्या गणनेने द्यायच्या. पुस्तकाच्या सुरुवातीला तशी एक टीप असते. कथनासाठी ही सोय चांगली आहे, तिला माझा विरोध नाही. पण वयासाठी ती सोय नाही. ज्या राण्या परदेशातून इंग्लंडमध्ये लग्न करून आल्या, त्यांचा जन्म या तडजोडीने आपोआप एका गणनेत आणि लग्न दुसऱ्या गणनेत जाऊन पडते. म्हणजे ज्या स्त्रियांचे वय आपल्याला जाणून घ्यायचे आहे, नेमक्या त्यांच्याच बाबतीत ही पद्धत फसते. टीप पहिल्या पानावर असते, वंशावळीचा तक्ता शेवटच्या पानावर. मधली चारशे पाने ओलांडून ती टीप कोणी आठवत नाही. म्हणून निदान जिथे वय काढले आहे तिथे तरी तारखेशेजारी 'जुनी' किंवा 'नवी' असा एक शब्द छापायला हवा, असा माझा आग्रह आहे. आणि मूळ कागदात जी तारीख आहे ती पुसू नये. रूपांतर शेजारी द्यावे, तिच्या जागी नव्हे. रूपांतर चुकले तर मागे जाण्याची वाट उरली पाहिजे.

दहा दिवसांनी एखाद्या राणीचे वय खरेच बदलते का, याचे उत्तर कॅथरिनच्या जावेच्या लग्नात आहे. चार्ल्सचा भाऊ जेम्स याच्याशी लग्न झालेली मेरी ऑफ मोडेना पुढे १६८५मध्ये इंग्लंडची राणी झाली. तिचा जन्म नव्या गणनेने ५ ऑक्टोबर १६५८ चा. जुन्या गणनेत तो २५ सप्टेंबर होतो, आणि इंग्रजी ग्रंथांत दोन्ही तारखा आढळतात. तिचे पहिले लग्न मोडेनामध्ये वकिलाकरवी लागले. वराच्या जागी अर्ल ऑफ पीटरबरो उभा होता. तारीख ३० सप्टेंबर १६७३, नव्या गणनेची, कारण मोडेना इटलीत. आता २५ सप्टेंबरचा जन्म आणि ३० सप्टेंबरचे लग्न शेजारी ठेवले तर मुलगी पंधरा वर्षे पाच दिवसांची दिसते. प्रत्यक्षात ५ ऑक्टोबर यायला अजून पाच दिवस होते. तिला पंधरावे सरायचे होते, ती चौदा पुऱ्या वर्षांची मुलगी होती. आपल्याकडे 'पंधरावे लागले' आणि 'पंधरा पुरी झाली' यांत जो फरक आपण करतो तो इथे नेमका लागू पडतो. नोव्हेंबरमध्ये डोव्हरला ती नवऱ्याला भेटली आणि लग्नविधी पुन्हा झाला, तेव्हा मात्र ती खरोखर पंधरा वर्षांची होती. म्हणून 'लग्नाच्या वेळी मेरी पंधरा वर्षांची होती' या वाक्याचा खरेखोटेपणा कोणते लग्न आणि कोणते पंचांग या दोन गोष्टींवर अवलंबून आहे. चौदा वर्षांच्या मुलीचे लग्न चाळिशीच्या उंबरठ्यावरच्या विधुराशी लावले गेले, हे लिहिताना तो एक आकडा बरोबर असावा, एवढी काळजी तिच्यासाठी आपण घ्यायलाच हवी.

वर्षे, महिने आणि दिवस यांच्या या घोळातून सुटण्याची एक जुनी वाट आपल्या ज्योतिषांना चांगली ठाऊक होती. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ म्हणजे १५२० साली 'ग्रहलाघव' रचले. त्यातल्या गणिताची सुरुवात अहर्गणापासून होते. अहर्गण म्हणजे ठरवलेल्या आरंभापासून किती दिवस उलटले त्याची संख्या. महिने कसे मोजले, अधिक मास कधी आला, हे सगळे एकदा त्या संख्येत जिरले की पुढे फक्त दिवस उरतात. युरोपात १५८३ साली जोसेफ स्कॅलिजर याने इसवी सनापूर्वी ४७१३ पासून सुरू होणारे एक दीर्घ कालचक्र मांडले, आणि पुढे खगोलशास्त्रज्ञांनी त्याच आरंभापासून दिवसांचे क्रमांक मोजायला सुरुवात केली. या मोजणीत कॅथरिनच्या जन्माचा दिवस २३,१९,६५६ वा येतो आणि लग्नाचा २३,२८,२४४ वा. वजाबाकी ८,५८८ दिवस. या संख्येला ना पोप लागतो, ना इंग्लंडचा राजा. पंचांगांची सरमिसळ करणाऱ्या पहिल्या हिशेबात हेच दिवस ८,५७८ येतात.

तरी दिवसांच्या संख्येने सगळे प्रश्न सुटतात असे नाही. वय आपण वर्षांत सांगतो, आणि वर्ष भरले की नाही हे वाढदिवसावरून ठरवतो. वाढदिवस कोणत्या पंचांगाचा? कॅथरिनच्या लग्नापुरता हा प्रश्न उठत नाही, कारण तिच्या जन्मापासून लग्नापर्यंत दोन गणनांमधले अंतर दहाच दिवसांचे राहिले. पण १७०० हे वर्ष ज्युलियन गणनेत लीप होते आणि ग्रेगोरियन गणनेत नव्हते, म्हणून त्या वर्षी अंतर अकरा दिवसांचे झाले. त्यानंतर लिस्बनचा २५ नोव्हेंबर लंडनच्या १४ नोव्हेंबरला पडू लागला. कॅथरिन तोवर इंग्लंडमध्ये राहिली असती, तर व्हाइटहॉलची रूढ झालेली १५ नोव्हेंबर ही तारीख पाळायची की जन्मभूमीच्या पंचांगामागे १४ वर सरकायचे, हे दरबाराला ठरवावे लागले असते, आणि त्या एका दिवशी तिचे वय दोन देशांत दोन आले असते. यांतले एक उत्तर खरे आणि दुसरे खोटे, असे म्हणता येणार नाही. तिथे लेखकाने आपण कोणते पंचांग धरले ते सांगावे आणि पुढे जावे.

तिच्यावर ती वेळ आली नाही. चार्ल्सच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी, १६९२मध्ये, तिने इंग्लंड सोडले आणि ती पोर्तुगालला परतली. लिस्बनमध्ये ३१ डिसेंबर १७०५ रोजी ती वारली. जन्म पोर्तुगालचा, मृत्यूही पोर्तुगालचा, दोन्ही तारखा एकाच पंचांगातल्या. तिचे वय सदुसष्ट वर्षे, एक महिना, सहा दिवस होते, आणि ते काढायला साधी वजाबाकी पुरते.